केटी द्या, पण राजीनामा देऊ नका

पत्र

ताई, नमस्कार. मी एका शिपिंग एजन्सीच्या अंधेरीच्या ऑफिसात इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. नोकरीला १७ वर्षं ८ महिने झाली. मागच्या आठवड्यात साहेबांनी सांगितलं की आमचं काम नागपूरच्या नव्या ऑफिसला जाणार आहे. तिथे एका मुलाला घेतलंय, माझ्या पगाराच्या निम्म्याहून कमी पगारावर. त्याला दोन महिन्यांत सगळं काम शिकवायचं, म्हणजे केटी द्यायची. एचआरच्या मॅडम तोंडी म्हणाल्या, "केटी संपली की तुम्ही राजीनामा द्या, आम्ही रिलिव्हिंग लेटर छान देऊ. टर्मिनेशन लागलं तर पुढे कोण घेणार?" माझा पगार ६० हजार आहे, त्यात बेसिक ३०. हुद्दा असिस्टंट मॅनेजर, म्हणून कामगार कायदा मला लागत नाही असंही त्या म्हणाल्या. मला वाटतं शिकवायला सरळ नकार द्यावा. मिस्टर म्हणतात अर्धवट शिकव, मग बघू दे त्यांना. तो मुलगा रोज फोनवर "ताई, ताई" करतो आणि मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

– वैशाली (नाव बदललं आहे), डोंबिवली

उत्तर

वैशालीताई, नमस्कार.

त्या मुलाला शिकवा, नीट शिकवा. आणि राजीनामा देऊ नका. केटी संपल्यावर नको, आधीही नको, "फॉर्मॅलिटी आहे, सही करा" म्हणून पुढे केलेल्या कागदावरही नको. तुमच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. कायद्याच्या नजरेत त्या अगदी वेगळ्या आहेत, आणि तुमचा सगळा बचाव त्या वेगळ्या ठेवण्यावर उभा आहे.

आधी नकाराबद्दल. कामाच्या वेळात सहकाऱ्याला काम समजावून सांगा, ही मालकाची कायदेशीर सूचना आहे, मग ती ऐकताना कितीही बोचो. ती धुडकावली की ती आज्ञाभंगात जाते आणि आज्ञाभंग हे गैरवर्तन ठरतं. आज कंपनीकडे तुमच्याविरुद्ध काहीही नाही. तुम्हाला काढायचं तर "काम इथे उरलं नाही" हेच कारण त्यांना द्यावं लागेल, आणि त्या कारणाने काढलं की भरपाई द्यावी लागते. तुम्ही नकार दिलात तर चौकशी लावून, गैरवर्तनाच्या नावाखाली, भरपाईशिवाय काढण्याची वाट तुम्हीच मोकळी करून द्याल. मिस्टरांच्या अर्धवट शिकवण्याच्या सल्ल्यातही हाच धोका आहे, शिवाय तो लपून राहत नाही. दोन महिन्यांनी नागपूरहून ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग हातात न घेता डिलिव्हरी ऑर्डर सुटली आणि माल भलत्याच्याच ताब्यात गेला, तर पहिला प्रश्न विचारला जाईल, "याला कोणी शिकवलं होतं?"

आता पैशांचं बघू, कारण एचआरच्या त्या गोड वाक्याची किंमत तिथे कळते.

तुम्ही राजीनामा दिलात तर तुम्हाला ग्रॅच्युइटी, शिल्लक रजांचे पैसे आणि तुमचा पीएफ मिळेल. हे सगळं कंपनीने काढलं तरी मिळणारच आहे, तेव्हा त्यात एचआरचे उपकार काही नाहीत. ग्रॅच्युइटीचा हिशोब शेवटच्या वेतनाला २६ ने भागून, १५ ने गुणून, पुन्हा वर्षांनी गुणून होतो. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून तुमची १८ वर्षं झाली. ३० हजारांवर ही रक्कम ३ लाख ११ हजार ५३८ रुपये येते.

कंपनीने कामावरून कमी केलं, म्हणजे कायद्याच्या भाषेत कपात केली, तर याशिवाय दर वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई द्यावी लागते. इथे २६ चा भागाकार नसतो, सरळ अर्धा महिना धरायचा. १५ हजार गुणिले १८, म्हणजे २ लाख ७० हजार. एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिचा पगार वेगळा. नेमणूकपत्रात तीन महिने लिहिलं असेल तर तीन. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात कमी केलेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधी आहे. मालकाने १५ दिवसांचं वेतन त्यात भरायचं आणि ते ४५ दिवसांत तुमच्या खात्यात जमा व्हायचं. हे आणखी १५ हजार. तेव्हा राजीनाम्याच्या त्या एका ओळीची किंमत सुमारे २ लाख ८५ हजार रुपये आहे, आणि ती भरणार तुम्ही.

वाचकांपैकी ज्यांचं बेसिक मुद्दाम कमी ठेवलेलं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट मध्येच सांगते. नव्या संहितांमध्ये घरभाडं, प्रवास असे वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरतात. ६० हजारांत बेसिक २२ असलं तरी हिशोब ३० वर मागा.

टर्मिनेशनचा धाक खोटा आहे. कपातीच्या पत्रात "हे पद इथे राहिलेलं नाही" एवढंच कारण असतं. त्यात तुमच्या कामावर किंवा वागण्यावर ठपका नसतो. मालवाहतुकीच्या धंद्यात ऑफिसं अशी हलताना सगळ्यांनी पाहिली आहेत. असं पत्र वाचून कुणी तुम्हाला चोर समजणार नाही.

खरा वाद होईल तो असिस्टंट मॅनेजर या हुद्द्यावर. एचआरच्या मॅडम ज्यावर विसंबून आहेत ते हेच, म्हणून इथे जरा थांबू या.

कायद्यातल्या कामगार या व्याख्येत कारकुनी, तांत्रिक, कुशल आणि प्रत्यक्ष कामकाजाची कामं करणारे सगळे येतात, आणि त्यांना पगाराची मर्यादा नाही. बाहेर राहतात ते मुख्यतः व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे. महिना १८ हजारांची मर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी. "पगार ६० हजार, म्हणून कामगार नाही" असं कुणी म्हणालं तर ही मर्यादा उचलून भलत्या ठिकाणी लावलेली असते. तुम्ही कोणत्या बाजूला, हे व्हिजिटिंग कार्डावरून ठरत नाही. १९९४ मध्ये एस. के. मैनी विरुद्ध करोना साहू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हुद्द्याला फारसं महत्त्व नाही, त्या माणसाचं मुख्य काम काय होतं ते पाहायचं. मैनी स्वतः मात्र तो खटला हरले, हेही सांगायला हवं, कारण ते दुकानाचे प्रमुख होते आणि दुकान चालवण्याचे अधिकार त्यांच्या हातात होते. म्हणजे हा नियम दोन्ही बाजूंना कापतो.

तर स्वतःला विचारा. तुमच्या हाताखाली कोणी आहे का? असल्यास त्यांची रजा तुम्ही मंजूर करता का, पगारवाढ सुचवता का, कुणाला कामावर घेता किंवा काढता का? आणि तुमच्या धंद्यातला सगळ्यात नेमका प्रश्न म्हणजे डिटेन्शन. पार्टीने कंटेनर फ्री डेज उलटल्यावर परत केला आणि चार्ज माफ करा म्हणून मेल टाकला, तर माफी तुम्ही स्वतःच्या अधिकारात देता, की "रिकमेंडेड" लिहून वर पाठवता आणि मंजुरीची वाट बघता? तुमच्या कामाचं स्वरूप बघता बहुतेक तुम्ही वर पाठवत असाल. मॅनिफेस्टच्या ओळी तपासणं, बिल ऑफ लेडिंग जुळवणं, बँकेच्या नावावरच्या बिलावर बँकेचं एन्डॉर्समेंट आहे का पाहणं, चार्जेस जमा झाल्यावर डिलिव्हरी ऑर्डर काढणं, यातलं काहीही व्यवस्थापन नव्हे. दिवसाचे आठ तास हेच असेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

हे सिद्ध करायला जो कागद लागेल, तो लिहायला कंपनीनेच तुम्हाला बसवलं आहे. केटीसाठी जो एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत, लिहायची असते, तोच. कामावरून काढल्यावर लोक येतात तेव्हा "मी रोज काय करत होतो" याचा लेखी पुरावा जवळ नसतो, आणि समोरून मोठमोठे शब्द घातलेलं जॉब डिस्क्रिप्शन हजर केलं जातं. तुमच्याकडे मात्र तुम्ही लिहिलेला, साहेबांनी तपासून मंजूर केलेला आणि नागपूरने स्वीकारलेला पायरीपायरीचा दस्तऐवज असेल. तो खरा लिहा, फुगवू नका. "टीमचं नेतृत्व", "धोरण ठरवणे" असले शब्द हौसेने घालू नका. कोणत्या स्क्रीनवर काय भरायचं, कोणता कागद कशाशी ताडून पाहायचा आणि कुठल्या पायरीवर कोणाची मंजुरी घ्यायची, हे लिहा. तो मंजुरीचा रकाना भरताना हात आखडू नका. माफी, क्रेडिट, उधारीवर डिलिव्हरी, जे जे वरून मंजूर होऊन येतं, तिथे मंजूर करणाऱ्याचा हुद्दा स्पष्ट लिहा. त्या मुलालाही त्याचीच गरज आहे, नाहीतर पहिल्याच महिन्यात तो आपल्या अधिकाराबाहेरची माफी देऊन बसेल.

हा एसओपी स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. पार्टींची नावं, दर, बिलं असलेली एकही फाइल घरी नेऊ नका. गोपनीय माहिती बाहेर नेली हा आरोप कंपनीला सहज सिद्ध करता येतो, आणि मग आपण पुन्हा गैरवर्तनावर येतो. ऑफिसच्या मेलवरून एसओपी कोणत्या तारखेला कुणाला पाठवला, ते डायरीत टिपून ठेवा. वाद झाला तर तो दस्तऐवज हजर करायला कंपनीला सांगता येतं. घरी ठेवायचं ते तुमचं स्वतःचं, म्हणजे नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, अप्रेझल. सॅलरी स्लिपचं पोर्टल शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतं, तेव्हा त्या आजच उतरवून घ्या.

शिकवताना तुमचा लॉगिन त्या मुलाला देऊ नका, कस्टम्सच्या कामाचा असो की कंपनीच्या सिस्टिमचा. "त्याचा आयडी अजून आला नाही, तोवर तुमच्यावरून करू दे" असं हमखास म्हणतात. तुमच्या नावाने सुटलेल्या प्रत्येक डिलिव्हरी ऑर्डरची जबाबदारी तुमच्यावर राहते. आयडी येईपर्यंत त्याने तुमची स्क्रीन शेअरवर बघावी, बटण तुम्ही दाबा. तसा मेल साहेबांना टाका.

दर शुक्रवारी साहेबांना, एचआरला आणि नागपूरला एक छोटा मेल जाऊ द्या. या आठवड्यात कोणते विषय झाले, त्याने स्वतः किती प्रकरणं करून पाहिली, काय राहिलं, आणि खाली "काही शंका असल्यास सोमवारपर्यंत कळवावे". केटीचा सुरुवातीचा भाग म्हणजे तुम्ही करता आणि तो बघतो. मग उलट होतं, तो करतो आणि तुम्ही बघता. हा उलटा टप्पा सुरू झाला की कंपनीची तुमच्यावरची गरज दिवसागणिक कमी होते, आणि नेमक्या शेवटच्या आठवड्यात "केटी अपुरी आहे" म्हणून फुल अँड फायनल अडवण्याची बोलणी सुरू होतात. आठ शुक्रवारचे आठ मेल असतील तर ते चालत नाही. तसंही केटीच्या सही-शिक्क्यासाठी ग्रॅच्युइटी अडवता येत नाही, ती ३० दिवसांत द्यावी लागते. आणि नव्या वेतन संहितेप्रमाणे काढलं किंवा राजीनामा दिला तरी थकलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकतं करायचं असतं.

याच कारणाने मागायचं ते आत्ता मागा, उलटा टप्पा सुरू होण्याआधी. सोमवारी एचआरला मेल करा, साहेबांना कॉपीत ठेवा. ऑफिसात इंग्रजीत लिहाल, पण मजकूर असा असू द्या:

"अमुक तारखेला मला तोंडी सांगण्यात आले की इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनचे काम नागपूरला जात आहे आणि मी दोन महिन्यांत ते हस्तांतरित करावे. मी हे काम पूर्ण सहकार्याने करीन. माझा राजीनामा देण्याचा विचार नाही. हस्तांतरणानंतर माझ्या पदाचे काय होणार, कंपनीत दुसरे काम उपलब्ध आहे का, आणि नसल्यास मला देय असलेल्या रकमांचा तपशील लेखी कळवावा. हस्तांतरणाच्या काळासाठी थांबण्याचा बोनस असल्यास त्याची रक्कम, तारीख आणि अटीही कळवाव्यात."

यात भांडण नाही, आणि तोंडी झालेलं सगळं कागदावर आलं. राजीनाम्याबद्दलचं वाक्य गाळू नका. उद्या दबावाखाली सही घेतली गेली तर हा मेल तुमच्या बाजूने बोलेल. बोनस देऊ केला तर त्याची अट "केटी समाधानकारक पूर्ण झाल्यावर" अशी मोघम नको. कुणाच्या समाधानाने? तारीख टाकून घ्या.

यावर कंपनीकडून दोन गोष्टी येऊ शकतात. एक, "स्वेच्छेने" जाण्याचं पॅकेज. ते वाईटच असतं असं नाही. त्यांचा आकडा २ लाख ८५ हजार आणि नोटीसचा पगार यांच्या बेरजेहून बराच मोठा असेल, तर घेण्यासारखं आहे. फक्त ग्रॅच्युइटी त्या आकड्यात मिसळलेली नाही ना, हे बघा. ती तुमच्या हक्काची आहे आणि पॅकेजच्या बाहेर, वेगळ्या ओळीत यायला हवी. कागद घरी आणा, दोन दिवस मागा. खोलीत बसवून सही घेतलीच, तर त्याच रात्री मेल करून दबावाखाली सही केली आणि राजीनामा मागे घेत आहे असं लिहा. राजीनामा अमलात येण्याआधी मागे घेता येतो.

दुसरी शक्यता जास्त चतुर आहे: नागपूरला बदलीचं पत्र. घर डोंबिवलीत, तुम्ही जाणार नाही हे त्यांना ठाऊक असतं, आणि तुम्ही "जमणार नाही" म्हणालात की तो तुमचाच नकार ठरतो. नेमणूकपत्र काढून बदलीची अट आहे का ते आजच बघा. "भारतात कुठेही" अशी अट असेल तर नुसता नकार धोक्याचा आहे. पद, पगार, राहण्याची सोय लेखी विचारा आणि उत्तर देण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला पत्र दाखवा. अशी अटच नसेल तर परगावी बदली लादणं त्यांना सोपं जाणार नाही.

अंधेरीत तुमच्याच कामावर तुमच्या नंतर लागलेलं कुणी राहणार आहे का, हेही पाहून ठेवा. एकाच प्रकारच्या कामात शेवटी आलेल्याला आधी कमी करायचं, हा नियम आहे, आणि तो मोडायचा तर मालकाला कारणं नोंदवावी लागतात. कमी केल्यावर वर्षभरात तेच काम इथे पुन्हा सुरू झालं तर आधी तुम्हाला विचारावं लागतं.

ऑफिसच्या मेडिक्लेमवर घरची माणसं असतील तर नोकरी संपण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. शेवटचा दिवस उलटला की हे अवघड होतं.

राहिला तो मुलगा. त्याला कदाचित सांगितलंही नसेल की तो कुणाची जागा घेतोय. त्याच्याकडे मन मोकळं करू नका. त्याच्या बिचाऱ्याच्या हातात काही नाही, आणि त्याच्याशी बोललेलं वर पोचू शकतं. पण टू ऑर्डर बिल, टेलेक्स रिलीज, सुट्टीच्या दिवशी धरले जाणारे फ्री डेज, अशा ज्या जागी नवा माणूस हमखास फसतो त्या त्याला आधी शिकवा. त्याला "ताई" म्हणू द्या. तुमची झोप उडवणारा निर्णय त्याने घेतलेला नाही.

आणि काहीही न देता काढलंच, तर वांद्रे पूर्वेला बीकेसीत कामगार भवन आहे, तिथे कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. युनियन नसली तरी एकट्या कामगाराला कामावरून काढल्याचा वाद नेता येतो. आधी समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतात. ४५ दिवसांत काही ठरलं नाही तर प्रकरण पुढे न्यायाधिकरणाकडे नेता येतं. समेटासाठीचा अर्ज काढल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा, आणि न्यायाधिकरणाकडचा अर्ज समेट अधिकाऱ्यांचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत. सोबत नेमणूकपत्र, शेवटच्या सॅलरी स्लिप, काढल्याचं पत्र आणि तुमची तारखांची डायरी न्या. अर्ज मराठीत लिहिलेला चालतो.